‘ब्रेक-इव्हन’ला मराठीत काय म्हणायचं? बेकरीच्या तक्त्यावरून पडलेला प्रश्न

खारीवाली
सिंहगड रोडला आमची छोटी बेकरी आहे. कर्जाच्या कामासाठी दिराच्या मुलाने एक तक्ता काढून दिलाय. आडव्या रेषेवर महिन्याला विकलेली नानकटाई किलोत, उभ्या रेषेवर रुपये. आत तीन रेघा आहेत. एक सपाट, ७२,००० वर. दुसरी त्याच ७२,००० पासून निघून तिरकी वर जाते. तिसरी शून्यातून निघते आणि दुसरीपेक्षा जास्त उभी चढते. ४०० किलोवर दोन रेघा एकमेकींना छेदतात, तिथे त्याने ‘समविच्छेद बिंदू’ असं लिहिलंय. सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे काय गं?” आणि मला सांगता येईना. मी म्हटलं, तिथे भांडवल वसूल होतं. त्यांना पटलं नाही. सरळ मराठी शब्द आहे का?

आकडे असे: भाडं २५,०००, दोन कामगारांचे पगार ३६,०००, ओव्हनचा हप्ता ९,०००, वीज वगैरे दरमहा ठरलेलं २,०००. मैदा, साखर, तूप, गॅस, डबा धरून किलोला २२० पडतात. विकतो ४०० ला.

शब्दवेडा
‘समविच्छेद’ कॉमर्सच्या पुस्तकांतला. विच्छेद म्हटलं की मराठी माणसाला शवविच्छेदन आठवतं, हीच त्याची अडचण. भूमितीत आपण ‘छेदनबिंदू’ म्हणतो, तो चालेल. किंवा सरळ ‘ना नफा ना तोटा बिंदू’. अर्थ सोपा आहे, त्या बिंदूच्या पलीकडे जे विकाल तो सगळा नफा.

पेठेतली काकू
ना नफा ना तोटा? अहो, मग दुकान कशाला चालवायचं? आमच्या सोसायटीतला भाजीचा स्टॉल तसा होता, ‘ना नफा ना तोटा तत्त्वावर’ अशी पाटीच होती. दोन वर्षांत बंद पडला. मुलीने कर्ज काढलंय, तिला धर्मादाय कशाला शिकवता?

शब्दवेडा
काकू, इथे तत्त्वाचा प्रश्न नाही, बिंदूचा आहे. पण तुम्ही म्हणता ते खरं, ‘ना नफा ना तोटा’ ऐकलं की लोकांना पाटी आठवते, तक्ता नाही. मग ‘फिट्टंफाट बिंदू’ म्हणा.

जुनी खातेवही
चाळीस वर्षं दुकानांचे हिशेब लिहिले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फिट्टंफाट दोन माणसांत होते. तू माझे दिलेस, मी तुझे दिले, विषय संपला. इथे काही संपत नाही, रेघा पुढे जातातच. आणि पुढचा सगळा नफा हे अर्धंच बरोबर आहे. ४०१ व्या किलोचे ४०० रुपये आले तरी त्यात मैदा-साखर-तूप-गॅसचे २२० गेलेच. तुमचे फक्त १८०. दुकानदार यालाच ‘किलोमागे १८० सुटतात’ म्हणतो. सुटणं म्हणजे नफा नव्हे. आधी हे सुटलेले पैसे भाडं आणि पगाराकडे जातात. ते ७२,००० पुरे झाले की मग सुटलेलं तुमच्या हातात राहतं. ७२,००० ला १८० ने भागा, ४०० किलो येतात. तुमच्या पुतण्याची रेघ बरोबर आहे.

म्हणून माझ्या मते दोन क्रियापदं वेगळी ठेवावीत. किलोमागे पैसे ‘सुटतात’, आणि महिन्याचा खर्च ‘निघतो’. सासूबाईंना सांगा, ४०० किलो गेले की महिन्याचा खर्च निघाला. त्या क्षणी गल्ल्यात १,६०,००० आलेले असतात आणि खर्चही १,६०,००० चा झालेला असतो. ७२,००० ठरलेले, ८८,००० मालाचे.

खारीवाली
आता माझी चूक सांगते. मी तक्ता वाचला तेव्हा चढती रेघ सपाट रेघेला जिथे छेदते तिथे बोट ठेवलं होतं. ते १८० किलोवर येतं. मनात म्हटलं, महिन्याच्या बाराव्या-तेराव्या दिवशीच आपले १८० होतात, म्हणजे आपण फायद्यात आहोत. तरी वीस तारखेला मैदेवाल्याला थांबवावं लागतं. ते का, हे कोडं होतं.

जुनी खातेवही
ही चूक फार जणांची होते. १८० किलोवर ७२,००० जमा होतात, म्हणून भाडं-पगार निघाले असं वाटतं. पण त्या १८० किलोंना ३९,६०० चा माल लागला, तो कोणी दिला? मैदेवाल्याने, उधारीवर. तिथे तुम्ही ३९,६०० नी तोट्यात आहात. म्हणूनच तुमचं कोडं वीस तारखेला मैदेवाल्याच्या रूपाने दारात उभं राहतं.

तक्ता वाचताना सपाट रेघ क्षणभर झाकून ठेवा. ती फक्त एवढंच सांगते की कुलूप लावलं तरी महिन्याला इतके लागतात. भेट बघायची ती एकूण खर्चाच्या तिरक्या रेघेची आणि विक्रीच्या रेघेची. आणि तोटा किंवा नफा किती, हे त्या दोघींतलं उभं अंतर मोजून काढायचं. पुस्तकात त्या त्रिकोणाला रंग भरून ‘नफ्याचं क्षेत्र’ लिहितात, त्यामुळे पोरं क्षेत्रफळ बघत बसतात. ५०० किलोवर उभी पट्टी धरा, दोन रेघांत १८,००० चं अंतर येईल. तेवढाच त्या महिन्याचा नफा.

शब्दवेडा
मग ‘तोंडमिळवणी’? जमा-खर्चाची तोंडमिळवणी म्हणतोच आपण. दोन रेघांची तोंडं तिथे मिळतात. चित्रासकट शब्द!

पेठेतली काकू
हा बरा आहे. पण तोंडमिळवणी म्हणजे ओढाताणीने, कसंबसं. पगार पुरत नाही तेव्हा बाई करते ती.

खारीवाली
काकू, आमचंही तेच चाललंय :)

पिंपरीचा पाववाला
आमचा पावाचा धंदा, वडापाववाल्यांना लाद्या पुरवतो. असा तक्ता आम्हालाही कोणीतरी काढून दिला होता. त्यावर आमची भेट ज्या आकड्यावर होती त्याच्या वर आम्ही रोज होतो. तरी महिनाअखेर हातात काही नाही. शब्द काहीही ठेवा, तक्ताच खोटा असतो.

जुनी खातेवही
तक्ता खोटा नसावा. आडव्या रेषेवर काय लिहिलं होतं, भाजलेल्या लाद्या की विकलेल्या?

पिंपरीचा पाववाला
भट्टीतून निघालेल्या. परत आलेल्या लाद्यांचा टोस्ट करतो, तो अर्ध्या भावात जातो.

जुनी खातेवही
मग तिथेच आहे ते. विक्रीची रेघ विकलेल्या मालावर चढते, खर्च मात्र भट्टीत गेलेल्या प्रत्येक घाण्यावर होतो. तक्ता गृहीत धरतो की जेवढं केलं तेवढं गेलं. नानकटाई डब्यात काही आठवडे टिकते, म्हणून खारीवालीताईंना फार फरक पडणार नाही. पावाला उद्या नसतो. ताईंचंच उदाहरण घेऊ. ४४० किलो केली, ४०० विकली, ४० फुकट गेली, तर बिंदूवर उभ्या असूनही ८,८०० नी खाली. हे तक्त्यावर कुठेच दिसत नाही.

खारीवाली
दुसरी शंका. कर्वेनगर, वारज्याची दुकानं आमचा माल ठेवायला तयार आहेत, पण ३४० ने मागतात. माल जास्त जाईल म्हणून मिस्टर खूश आहेत.

जुनी खातेवही
तर विक्रीची रेघ कमी उभी चढते. सुटतात फक्त १२०. सगळाच माल तसा गेला तर खर्च निघायला ६०० किलो लागतील. तुमच्या ओव्हनमधून महिन्याला किती निघतात?

खारीवाली
सकाळ-संध्याकाळ घाणे लावून फार तर ५५०.

जुनी खातेवही
मग तक्त्यावर रेघा भेटतात, तुमच्या भट्टीत भेटत नाहीत. कागदावर रेघ ६०० पर्यंत ओढायला पेन्सिल लागते. तुम्हाला ५५० च्या पुढे दुसरा ओव्हन किंवा तिसरा कामगार लागेल, आणि मग ७२,००० ची सपाट रेघच पायरीसारखी वर उडी मारेल. दुकानांना थोडाच माल द्या आणि काउंटरवरचा ४०० चाच ठेवा, असं माझं मत. किती थोडा, ते तुमच्या काउंटरवर रोज किती जातो त्यावर आहे.

पिंपरीचा पाववाला
दुकानदार आधी ३४० म्हणतो, दिवाळीनंतर ३२० म्हणतो. मी पाहिलंय.

शब्दवेडा
मूळ प्रश्नाकडे येऊ? सासूबाईंना ‘भांडवल वसूल’ का पटलं नाही?

जुनी खातेवही
त्यांचं बरोबर आहे. भांडवल वसूल होणं म्हणजे दुकान उभारताना घातलेले पैसे परत येणं, आणि त्याला महिने-वर्षं लागतात. या तक्त्यात आडव्या रेषेवर महिने नाहीतच, किलो आहेत. ती रेषा म्हणजे काळ नव्हे. बहुतेकांना डावीकडून उजवीकडे गेलं की दिवस गेले असं वाटतं, तिथून हा गोंधळ होतो.

थोडा किंतु तुमच्या ९,००० च्या हप्त्याचाही आहे. हप्त्यात मुद्दल असतं, आणि मुद्दलाची परतफेड हा हिशेबाच्या भाषेत खर्च नव्हे. त्याऐवजी ओव्हनचा घसारा आणि व्याज धरायला हवं. समजा दोन्ही मिळून ७,२०० आले, तर बिंदू ४०० वरून ३९० किलोवर येतो. हप्ता धरून जो येतो तो गल्ल्याचा बिंदू, कर्ज फिटेपर्यंत रोजच्या कामाला तोच बरा. बँकेला कोणता द्यायचा ते विचारून घ्या.

पेठेतली काकू
आणि मुलीचा पगार कुठे धरलाय? पहाटे पाचला भट्टी पेटवते ती.

खारीवाली
धरला नाही.

जुनी खातेवही
धरावा असं मी म्हणेन. महिना १८,००० धरले तर भेट ५०० किलोवर जाते.

शब्दवेडा
घरच्या माणसाचा पगार धरला तर अर्ध्या पुण्यातली दुकानं तोट्यात दिसतील. मला पटत नाही. मालकाला मिळतो तो नफा, पगार नव्हे.

पेठेतली काकू
तीच बाहेर कामाला गेली असती तर?

खारीवाली
याच्यावर आमच्या घरात आज रात्री भांडण होणार आहे. तूर्तास तक्त्यावर ‘समविच्छेद’ खोडून ‘इथे महिन्याचा खर्च निघतो’ असं लिहिलं. सासूबाईंनी वाचलं आणि विचारलं, “आपण कुठे आहोत?” मागच्या महिन्यात ४३० किलो गेले. पेन्सिलने तिथे खूण केली.