माणसाचं चालवणं पाहून कॅमेऱ्यावर स्वतः चालायला शिकणाऱ्या छोट्या डाँकी कारला नुसत्या स्वच्छ फेऱ्या दाखवल्या तर ती रेषेवर परत येणं शिकणार कशी?

तिसरा गिअर यांची पोस्ट:
"नवीन मंडळींसाठी सांगतो. गाडी ट्रॅकबाहेर जाते याचं कारण एकच, घाणेरडा डेटा. पंचवीस-तीस फेऱ्या अगदी स्वच्छ मारा आणि जिथे डगमगलात तो भाग पुसून टाका. मुद्दाम कडेला नेऊन परत आणायचे प्रयोग करू नका, मॉडेल गोंधळतं. लॉस, म्हणजे मॉडेलच्या उत्तरातली चूक, खाली आला की गाडी चालणारच."

---

खटारा:

हा सल्ला मी तंतोतंत पाळला होता आणि त्यात माझे तीन रविवार गेले. म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये टेप लावून केलेला 18 मीटरचा ट्रॅक, दोन्ही कडांना पांढरी टेप. एक फेरी साधारण पंधरा सेकंदांची. सेकंदाला 20 चित्रं, म्हणजे फेरीला 300. तीस फेऱ्या मारल्या, नऊ हजार रेकॉर्ड झाले. जिथे हात चुकला तिथे जॉयस्टिकवरचं त्रिकोणाचं बटण दाबून शेवटचे शंभर रेकॉर्ड उडवले. लॉस छान खाली आला. आणि गाडी दर वेळी लांब सरळ पट्ट्यानंतरच्या डाव्या वळणावर बाहेर.

मग ऑटोपायलट चालू असतानाची चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये साठवली आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली. चूक वळणावर नव्हतीच. सरळ पट्ट्यावर गाडी हळूहळू उजवीकडे सरकत होती. आधी दोन बोटं, मग चार. वळणाशी पोचेपर्यंत उजवी टेप चित्राच्या खालच्या कोपऱ्यातून निघून जवळजवळ मध्यावर आलेली. असं चित्र माझ्या नऊ हजारांत एकही नव्हतं, कारण मी तिथे कधी गेलोच नव्हतो आणि गेलो असेन तर पुसून टाकलं होतं. मॉडेलने तिथे स्टिअरिंग किती दिलं? जवळजवळ शून्य. म्हणजे गाडी बाहेर जाताना चाकं सरळ.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माणूस नीट चालवतो तेव्हा परत यायची वेळच येत नाही, त्यामुळे परत कसं यायचं हे डेटात उतरत नाही. मॉडेलची चूक मात्र साठत जाते. एका फ्रेममध्ये थोडं चुकलं की पुढचं चित्र थोडं अनोळखी, त्यात आणखी चूक, पुढचं चित्र आणखी अनोळखी.

हे दुखणं जुनं आहे. 1989 मध्ये कार्नेगी मेलनला पोमरलो यांनी ॲल्विन केलं, 30 बाय 32 चौकटींच्या चित्रावर रस्ता पकडणारं न्यूरल नेटवर्क. पुढे माणसाच्या चालवण्यातून ते थेट शिकवताना त्यांना हीच अडचण आली. त्यांनी प्रत्येक चित्र थोडं डावी-उजवीकडे सरकवून आणि फिरवून घेतलं आणि स्टिअरिंगही त्या प्रमाणात दुरुस्त केलं. 2016 मध्ये एनव्हिडियाच्या लोकांनी गाडीवर तीन कॅमेरे बसवले. बाजूच्या दोघांची चित्रं म्हणजे 'गाडी सरकली असती तर असं दिसलं असतं'. आपल्याकडे कॅमेरा एक, म्हणून सरकून दाखवायचं काम हातानेच करावं लागतं.

मी केलं ते असं. रेकॉर्डिंग बंद. गाडी कडेला नेऊन तिरकी उभी केली. चाकं आतल्या बाजूला वळवली, मग रेकॉर्डिंग चालू, गाडी मध्यावर आली की लगेच बंद. एका वेळेला दीड सेकंद, म्हणजे तीसेक चित्रं. अशा चाळीस जागा, दोन्ही कडांना, त्यातल्या जास्त त्या सरळ पट्ट्यावर. बाराशे रेकॉर्ड मिळाले. ते जुन्या नऊ हजारांत घालून पुन्हा ट्रेन केलं. त्याच दिवशी गाडीने हात न लावता सलग अकरा फेऱ्या मारल्या.

---

तिसरा गिअर:

मी हवेत बोलत नाही. कडेला नेऊन परत आणायचा प्रकार मी दोनदा केलाय. दोन्ही वेळा गाडी सरळ पट्ट्यावर नागमोडी चालायला लागली, आपण होऊन कडेला जायची आणि परत यायची. तो डेटा काढला आणि गाडी सरळ झाली. हे डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या एका ट्रॅकवरून सगळ्यांना शिकवू नका.

खटारा:

कडेला नेताना रेकॉर्डिंग चालू होतं की बंद? एवढंच सांगा.

तिसरा गिअर:

थ्रॉटल दिला की ते आपोआप चालू होतं, सगळ्यांचं होतं.

खटारा:

मग गाडीने तुम्ही शिकवलं तेच केलं. मध्यावर असताना बाहेर वळायचं, हेही तुम्हीच दाखवलंत. गाडीच्या सेटिंगच्या `myconfig.py` फाइलमध्ये हे करा आणि रेकॉर्डिंग बटणावर घ्या:

```
AUTO_RECORD_ON_THROTTLE = False
```

तिसरा गिअर:

ठीक आहे, बाहेर जाण्याचा भाग त्यात गेला असेल, एवढं मान्य. पण मग लॉस? स्वच्छ डेटावर माझा व्हॅलिडेशन लॉस तुमच्या त्या खिचडीपेक्षा नक्की कमी येतो.

मोजपट्टी:

येईलच, आणि त्याचा उपयोग नाही. डाँकीकार रेकॉर्ड उलटसुलट करून 80 टक्के शिकायला ठेवते आणि 20 टक्के तपासायला. सेकंदाला 20 चित्रं असतील तर शेजारची दोन चित्रं जवळपास सारखीच. एक शिकण्यात, दुसरं तपासण्यात. म्हणजे पेपर आधीच फुटलेला. मी तपासणीसाठी पाच फेऱ्या वेगळ्या दिवशी मारून ठेवते आणि त्या ट्रेनिंगला दाखवतच नाही. तिथे लॉस लगेच वर जातो, पण तो आकडा थोडा तरी खरा असतो. त्यानेही गाडी चालेल की नाही हे पूर्ण कळत नाही, कारण त्या फेऱ्याही मीच मारलेल्या, म्हणजे मध्यावरच्याच. शेवटी मी गाडीला किती वेळा हात लावावा लागला ते मोजते. दहा फेऱ्यांत किती वेळा उचलली, बस.

गोदाकाठ:

माझी गाडी सकाळी अकराला उत्तम चालते आणि संध्याकाळी चारला भिंतीवर आपटते. डेटा तोच, मॉडेल तेच. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की फरशीवर पांढरा पट्टा पडतो आणि ती त्यालाच टेप समजते. स्वच्छ फेऱ्या की परतीच्या, हा वाद माझ्याकडे येऊन पोचतच नाही!

तिसरा गिअर:

पडदे लावा की.

गोदाकाठ:

हॉल भाड्याचा आहे, पडदे नाहीत. आणि पडदे लावून शिकवलेली गाडी दुसरीकडे नेली की काय करायचं?

रेघोटी:

चित्राचा वरचा अर्धा भाग कापून टाका, मी तेच केलं. खिडकी, खुर्च्या, पाहायला उभे राहिलेल्यांचे पाय, सगळं गेलं. गाडीला फरशीशिवाय काही दिसायला नको.

मोजपट्टी:

अर्धं बरोबर. माझी गाडी महिनाभर एका लाल खुर्चीच्या खुणेवर वळत होती. खुर्ची हलवली आणि वळण गेलं, तेव्हा कळलं. पण अर्धं चित्र कापलंत तर पुढचं वळणही कापलं जातं. 120 ओळींपैकी मी वरच्या 40 काढते, त्याही ट्रॅकवर गाडी ठेवून, चित्रात टेप कुठपर्यंत दिसते ते पाहून. आणि नुसता आकडा बदलून काही होत नाही, कापायला सांगावंही लागतं:

```
TRANSFORMATIONS = ['CROP']
ROI_CROP_TOP = 40
```

पहिली ओळ विसरून मी दोन दिवस 'कापूनही फरक नाही' म्हणत बसले होते. आणि गोदाकाठ, तुमचा उन्हाचा पट्टा फरशीवरच पडतो. वरचं कापून तो जाणार नाही. त्याला चारच्या उन्हातल्या फेऱ्याच लागतील.

गोदाकाठ:

तेच म्हणतेय मी! कापायचं झालं, उजेड कमी-जास्त करून चित्रं वाढवायचं झालं, सगळं केलं. त्याने सगळं चित्र एकसारखं उजळतं. जागेवरून सरकत जाणारा पट्टा त्यातून शिकता येत नाही.

जुना फिटर:

एवढं शिकवत बसण्यापेक्षा टेपचा रंग ओळखून तिच्या मागे जाणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहा. आम्ही कारखान्यात ट्रॉल्या रेषेवर चालवायचो. एकदाही चुकली नाही.

खटारा:

काका, रेषेची ट्रॉली वेगळी. इथे माणसाच्या चालवण्यातून शिकवणं हाच खेळ आहे. आणि तुमच्या रंग ओळखणाऱ्या प्रोग्रामलाही गोदाकाठ यांचा पट्टा पांढराच दिसेल.

जुना फिटर:

आम्ही ट्रॉलीवरच दिवा लावायचो, भोवती झडप. बाहेरचं ऊन आत येऊच द्यायचं नाही. हे तरी घ्या.

रेघोटी:

वर मोजपट्टी म्हणाल्या की कापलं तर पुढचं वळण जातं. पण माझ्या गाडीला ते आधीही दिसत नव्हतं. कॅमेरा खाली झुकलेला होता, समोर फूटभर फरशी. तरी शिकवताना मी वळणाच्या बरंच आधी स्टिअरिंग द्यायचो.

मोजपट्टी:

मग हे तुम्हीच पकडलंत, आणि माझ्या मते ते परतीच्या फेऱ्यांइतकंच मोठं आहे. आपण चालवतो उभं राहून, अख्खा ट्रॅक पाहून. गाडीला दिसतं तिच्या नाकासमोरचं. चित्रात सरळ टेप आणि तुमचं बोट डावीकडे, कारण वळण तुम्हाला दिसतंय. पुढच्या पट्ट्यावर तसंच सरळ टेपेचं चित्र आणि बोट मध्यावर. एकाच चित्राला दोन उत्तरं मिळाली की मॉडेल मधलं काहीतरी देतं. म्हणून मी लॅपटॉपवर गाडीच्याच कॅमेऱ्याचं चित्र लावून, ट्रॅककडे पाठ करून चालवते.

तिसरा गिअर:

हे अशक्य आहे. चित्र उशिरा येतं. वायफायवर तर फारच. मी करून पाहिलंय, तीन वळणांत गाडी कपाटाखाली.

मोजपट्टी:

वेग कमी करायचा. सेकंदाला दोन मीटरने चालवलंत तर दोन चित्रांच्या मध्येच गाडी दहा सेंटिमीटर पुढे जाते, त्यात वायफायचा उशीर. मी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने चालवते.

तिसरा गिअर:

आणि हळू शिकवलेली गाडी स्पर्धेत काय शेवटची आणायची? तुम्हाला गाडी पळवायचीच नाहीये, नुसती मोजायचीय!

मोजपट्टी:

मला ती ट्रॅकवर राहायला हवीय. वेग नंतर वाढवता येतो. थ्रॉटल स्वतःच्या हातात ठेवा आणि `local_angle` मोडमध्ये फक्त स्टिअरिंग मॉडेलला द्या. मग किती वेगापर्यंत तग धरते ते हातालाच कळतं.

खटारा:

इथे मी तिसरा गिअर यांच्या बाजूने. हळू शिकवलेलं स्टिअरिंग वेगात पुरत नाही. टायर घसरतात, त्याच वळणाला जास्त वळवावं लागतं. माझ्या त्या अकरा फेऱ्याही शिकवल्या होत्या त्याच वेगाच्या. थ्रॉटल थोडा वाढवला की दुसऱ्याच फेरीत बाहेर.

तिसरा गिअर:

चला, कुणीतरी मानलं. या रविवारी रेकॉर्डिंग बटणावर घेऊन चाळीस जागांवरून परत आणून बघतो. पण माझ्या वेगाने, आणि स्वच्छ फेऱ्या तीसच राहतील. नागमोडी चालली तर व्हिडिओ इथेच टाकेन.

गोदाकाठ:

टाका. फक्त चार वाजता काढा.