आंबवलेलं खाऊन पोट साफ होतं का? आईचा त्रास उलट वाढलाय

सांजवेळ: आई ६७ वर्षांची. दोन महिन्यांपासून पोट नीट साफ होत नाही. कुणीतरी सांगितलं, आंबवलेलं खा, पोटात चांगले जिवाणू जातात. म्हणून तीन आठवडे रोज रात्री इडली नाहीतर डोसा, दुपारी कैरीचं लोणचं. पीठ घरचंच, तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ. आता तर दोन-दोन दिवस जातच नाही. पीठ अजून आंबवू का?

उंबरठा: थंडीत पीठ वर येत नाही, भांडं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा.

सांजवेळ: पीठ मस्त फुगतं हो. पोटाचं विचारतेय.

गोडलिंबू: जिवाणूंचं खरं आहे. मला रोजच्या वाटीभर ताकाने फरक पडला. इडलीनेही पडेल, धीर धरा.

मुरवण: ताक तापवत नाही, त्यामुळे त्यात जिवाणू जिवंत राहतात. इडली दहा-बारा मिनिटं वाफेवर असते, डोसा तर तापल्या तव्यावर. पिठातले जिवाणू तिथेच मरतात. आंबवल्याने इडली पचायला हलकी होते, पण पॉलिशचा तांदूळ आणि साल काढलेली डाळ, चोथा येणार कुठून? पीठ जास्त आंबवलंत तर नुसतं आंबट होईल. आधी रात्री काय जेवायच्या?

सांजवेळ: ज्वारीची भाकरी, पालेभाजी, कधी मुगाची उसळ. दात दुखतो, म्हणून इडली बरी पडली.

मुरवण: मग इडलीने भाकरी-भाजीची जागा घेतली, त्रास वाढला तो बहुतेक त्यानेच. आपलं कैरीचं लोणचं मीठ, मोहरी आणि तेलावर टिकतं. इतक्या मिठात जिवाणू फारसे वाढत नाहीत, आणि दोन फोडींत चोथा तो किती! बीपी असेल तर हात आखडताच ठेवा. पण त्रास दोन महिन्यांपूर्वी, म्हणजे इडलीच्या आधीच सुरू झालाय. तेव्हा नवीन गोळी लागली होती का?

सांजवेळ: अरे हो! लोह आणि कॅल्शियम, दोन्ही तेव्हाच लागलं.

मुरवण: दोन्हींनी पोट धरू शकतं, लोहाने तर बऱ्याचदा तक्रार येते. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा, कधी गोळी बदलून देतात. या वयात नव्याने सुरू झालेला त्रास तसाही दाखवायलाच हवा. शौचातून रक्त, काळी शौच, घटणारं वजन, यातलं काही असेल तर लगेच. तोवर भाकरी पातळ आमटीत कुस्करून द्या. इडली हवीच तर सालीचे उडीद आणि ज्वारीचा रवा घ्या, वर भाज्या घातलेलं सांबार. पाणीही पुरेसं हवं.

गोडलिंबू: मग माझं ताक?

मुरवण: चालू ठेवा, तुम्हाला मानवतंय ना. सगळ्यांनाच मानवेल असं नाही.

सांजवेळ: भाकरी आजपासूनच, डॉक्टरकडे सोमवारी. बीपी आहे तिला, पण लोणचं सोडायला तयार नाही.

उंबरठा: सालीच्या उडदाचं पीठ तितकं फुगेल का?