उ: बैकलच्या नकाशावरचा H फसवा आहे

> "इर्कुत्स्कच्या हॉटेलात लावलेल्या नकाशाचा फोटो टाकलाय. जवळच H दिसतोय, म्हणजे हवा चांगली ना? उद्या सकाळी ओल्खोन बेटावर जायचंय."

थांबा, तो इंग्रजी एच नाही. रशियन Н म्हणजे आपला 'न', 'नीझ्कोये' म्हणजे कमी दाब. जास्त दाबाला तिथे В लिहितात. (मीही एकदा असाच फसलो होतो.) अक्षरावर भरवसा नसेल तर समदाब रेषांचे आकडे बघा: तुमच्या फोटोत बाहेरून आत १०१५, १०१०, १००५ असे उतरत जातात. म्हणजे कमी दाबच.

कोपऱ्यात ००, ВСВ आहे. ही जागतिक वेळ. इर्कुत्स्क आठ तास पुढे, म्हणून नकाशा आज सकाळी ८ चा. त्रिकोणांची निळी रेघ म्हणजे थंड आघाडी, पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड; त्रिकोणांची टोकं ज्या बाजूला, त्या बाजूला ती सरकते. तुमच्याकडे ती पूर्वेला वळलेली आहेत. नकाशाच्या प्रमाणाने आघाडी इर्कुत्स्कच्या साधारण ६०० किमी पश्चिमेला दिसते. ताशी ४० किमी धरले तर १५ तास, म्हणजे रात्री ११ च्या सुमारास पोहोचेल. वेग माझा अंदाज आहे. १२ तासांनंतरचा नकाशा मिळाला तर दोन्हींतलं अंतर मोजून खरा वेग काढा.

खरी गोची आघाडी गेल्यावर. वारा वायव्येचा होतो आणि ओल्खोनसमोरच्या सार्मा दरीतून तो प्रचंड जोराने तळ्यावर कोसळतो. हा स्थानिक वारा एवढ्या मोठ्या नकाशात दिसत नाही. पश्चिमेच्या डोंगरमाथ्यांवर ढग साचू लागले तर फेरीबोटीची घाई करू नका. मी असतो तर परवा निघालो असतो.