‘अजून’साठी स्टिल की येट?

“‘लोकल अजून आली नाही’ यात स्टिल लावू की येट? आणि कुठे?”

दोन्ही चालतात, जागा वेगळी. येट शेवटी: ‘द ट्रेन हॅजन्ट कम येट’. स्टिल मात्र हॅजन्टच्या आधी: ‘द ट्रेन स्टिल हॅजन्ट कम’.

घोळ होतो कारण ऑलरेडी आणि जस्ट सहसा हॅजनंतर बसतात: ‘हॅज जस्ट लेफ्ट’ म्हणजे आत्ताच सुटली. त्याच सवयीने ‘हॅजन्ट स्टिल कम’ लिहिलं जातं, ते चूक. (हॅज आणि नॉट सुटे लिहिले, तर ‘हॅज स्टिल नॉट कम’ चालतं.)

अर्थही जरा बदलतो. दादरला ९:०५ची लोकल आहे आणि ९:०३ वाजलेत, तर येट. ९:२० झाले तरी पत्ता नाही, तर स्टिल. त्यात वैताग ऐकू येतो.