मदत हवी आहे: क्लायंटने काम मंजूर केलं, आता एस्क्रोमधले पैसे सोडायला सांगणारा मेसेज नीट करून हवाय

चित्रवही
नमस्कार मंडळी. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. सध्याचं काम अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या साइटवर मिळालेलं आहे, तिथे क्लायंटने भरलेले पैसे काम मंजूर होईपर्यंत साइटकडे एस्क्रोमध्ये राहतात. क्लायंट इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एक मराठी ताई आहेत, त्या घरगुती स्वरूपात एक गोष्टीचं पुस्तक छापून घेतायत. ठरलेल्या रकमेचं काम, एकूण 480 डॉलर, तीन टप्पे: कच्ची रेखाटनं 80, रंगीत पानं 160 आणि छपाईच्या फाइली 240.

पहिल्या दोन टप्प्यांचे पैसे ताईंनी काम बघितल्या बघितल्या आपणहून सोडले, त्यामुळे मागायची वेळच आली नाही. तिसऱ्या टप्प्याच्या फाइली मी 1 जूनला मेसेजमध्ये ड्राइव्हची लिंक देऊन पाठवल्या. 2 जूनला त्यांचं उत्तर आलं: "सगळी पानं छान झालीत, फायनल. मुखपृष्ठावरचं शीर्षक जरा मोठं करता आलं तर बघा, नाहीतर असू दे." त्यानंतर शांतता. आज 11 तारीख.

वाईट बाई नाहीत, विसरल्या असणार. पण मला पैशांची गरज आहे आणि मागताना फार अवघडल्यासारखं होतं. हा मेसेज लिहून ठेवलाय, पाठवला नाही:

> नमस्कार ताई, कशा आहात? तुम्ही कामात असाल याची कल्पना आहे, त्रास देतेय त्याबद्दल मनापासून माफी. ते शेवटचं पेमेंट राहिलंय बहुतेक, जमेल तेव्हा बघाल का? मुलाच्या शाळेची फी भरायचीय म्हणून विचारलं. घाई अजिबात नाही. काही बदल हवे असतील तर बिनदिक्कत सांगा, लगेच करून देईन. आणि जमलं तर पाच स्टार द्या ताई.

कुठे काय बदलू?

बिनधास्त_नाशिक
मेसेज कशाला करताय? काम दिलं की तीन दिवसांत पैसे आपोआप सुटतात. दहा दिवस झालेत म्हणजे सुटले असणार, तुमचा बॅलन्स बघा एकदा.

चित्रवही
बघितला. काही नाही. तिसरा टप्पा तसाच दिसतोय.

रेघोटी
तीन दिवसांचं गणित फाइव्हरचं आहे. अपवर्कवर ठरलेल्या रकमेच्या कामात 14 दिवस असतात. पण चित्रवही, मुख्य गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही त्या टप्प्यावर Submit Work for Payment हे बटण दाबलं होतं का? की फक्त मेसेजमध्ये लिंक दिलीत?

चित्रवही
फक्त मेसेजमध्ये. आधीच्या दोन्ही वेळी तसंच केलं होतं आणि पैसे आले होते, म्हणून ते बटण कधी दाबलंच नाही.

रेघोटी
मग घड्याळ सुरूच झालेलं नाही. 14 दिवस मोजले जातात ते त्या बटणावरून काम सादर केल्यापासून. ताईंनी मेसेजमध्ये 'फायनल' म्हटलं ही मंजुरी तुमच्या आणि त्यांच्यातली, सिस्टीमला त्यातलं काही कळत नाही. सिस्टीमच्या लेखी तुम्ही अजून काम दिलेलंच नाही. आधीचे टप्पे सुटले कारण क्लायंटला सबमिशनची वाट न बघताही पैसे सोडता येतात आणि ताईंनी ते केलं. यावेळी त्या विसरल्या, आणि त्यांना आठवण करून देणारी सूचनाही गेली नाही. असे महिनाभर थांबलात तरी आपोआप काहीच होणार नाही.

त्यामुळे पैसे मागायचा वेगळा मेसेज लिहूच नका. काम सादर करताना जी मजकुराची चौकट येते, त्यातच हा मजकूर जाऊ दे. त्याच्याआधी एक बघा: तिसऱ्या टप्प्यापुढे Funded असं लिहिलेलं आहे का? तिथे पैसे भरलेलेच नसतील, तर सोडण्यासारखं काही नाही, आणि आधी पैसे भरायला सांगावं लागेल.

चित्रवही
हो, Funded आहे. काम सुरू करायच्या आधीच त्यांनी भरले होते.

कोकणमेवा
माझंही असंच झालं होतं. दुसऱ्या एका साइटवर होतो, लोगोचं काम. तिथे आपोआप सुटायची सोयच नव्हती, क्लायंटने हाताने सोडेपर्यंत पैसे तसेच पडून. दीड महिना रोज "सर प्लीज" असा मेसेज टाकत राहिलो. शेवटी एका मित्राने सांगितलं म्हणून काय काम दिलं, कधी दिलं, त्यांनी कधी हो म्हटलं, एवढंच एका मेसेजमध्ये लिहिलं, दुसऱ्या दिवशी सुटले. तेव्हा समजलं, की त्या माणसाला माझं नेमकं काय राहिलंय हे आठवतच नव्हतं. त्याच्याकडे पाच-सहा जणांची कामं चालू होती.

पैलतीर
क्लायंट मराठी आहेत ना? मग सरळ बँकेत मागा. अपवर्कचं कमिशनही वाचेल. तिकडून पाठवायला आता फार सोपं झालंय.

रेघोटी
पैलतीर, हे करू नका आणि कुणाला सांगूही नका. अपवर्कवर ओळख झालेल्या क्लायंटकडून बाहेर पैसे घेणं नियमाविरुद्ध आहे, खातं बंद होऊ शकतं. आणि इथे तर पैसे आधीच भरून ठेवलेले आहेत. ताईंनी बाहेरून द्यायचे म्हणजे त्यांना पुन्हा 240 डॉलर काढावे लागणार.

त्याच ओघात आणखी एक. वैतागून स्वतःहून कॉन्ट्रॅक्ट बंद करू नका. एस्क्रोमध्ये पैसे असताना फ्रीलान्सरने कॉन्ट्रॅक्ट संपवलं तर ते पैसे क्लायंटकडे परत जातात.

आता मजकुराकडे येऊ. तुमचं मराठी गोड आहे, पण त्यातली दोन वाक्यं तुमच्याच विरोधात जातात. "काही बदल हवे असतील तर बिनदिक्कत सांगा" हे आपण सवयीने लिहितो. पण सबमिशन उघडल्यावर ताईंसमोर दोन वाटा असतात: मंजूर करा, नाहीतर बदल मागा. तुम्हीच बदलाची आठवण करून दिलीत आणि त्यांनी सहज म्हणून ते दुसरं बटण दाबलं, की 14 दिवसांची मोजणी थांबली. पुन्हा सादर करायचं, पुन्हा 14 दिवस. त्यांनी 2 तारखेला फायनल म्हटलेलं आहे, ते दार तुम्ही उघडू नका.

दुसरं, "राहिलंय बहुतेक". बहुतेक कशाला? रक्कम लिहा. कुठला टप्पा ते लिहा. फीचं काढून टाका, ती तुमची खरी अडचण आहे, पण पैसे मिळायचं कारण ती नाही, काम पूर्ण होऊन मंजूर झालंय हे कारण आहे. पाच स्टारचंही काढा. पैसे आणि अभिप्राय एकाच मेसेजमध्ये मागितले, की एकाच्या बदल्यात दुसरं मागितल्यासारखं दिसतं.

माफी एकदाही नको. 'ताई' आणि 'नमस्कार' राहू दे, तुमचं नातं तसंच आहे.

चित्रवही
हे बदलाचं वाक्य मी प्रत्येक क्लायंटला लिहिते. कधी डोक्यातच आलं नाही. नवीन खर्डा टाकते, बघाल का?

> नमस्कार ताई,
> तिसऱ्या टप्प्याच्या छपाईच्या फाइली इथे जोडते आहे. या 240 डॉलरच्या कामाला तुम्ही मंजुरी दिलीच आहे, तरी कृपया पैसे सोडावेत.

रेघोटी
आता फार आखडतं झालं, आणि "मंजुरी दिलीच आहे, तरी" यात टोचणी येते. त्यांचेच शब्द तारखेसकट द्या, म्हणजे आठवण त्यांची त्यांना होते. फाइलींचं वर्णनही हवं. उद्या काही वाद झालाच, तर बघणारा तिऱ्हाईत माणूस आधी हेच सबमिशन बघेल, ड्राइव्हची लिंक शोधत बसणार नाही. म्हणून फाइली लिंकने न देता तिथेच जोडा. मी असं लिहीन, आकडे तुमचे घाला:

> नमस्कार ताई,
> तिसऱ्या टप्प्याचं काम इथे जोडते आहे: आतली 16 पानं एका पीडीएफमध्ये आणि मुखपृष्ठ वेगळ्या पीडीएफमध्ये. दोन्ही सीएमवायके रंगांत, चारी बाजूंना 3 मिमी ब्लीड ठेवून. याच फाइली मी 1 जूनला मेसेजमध्ये पाठवल्या होत्या आणि "सगळी पानं छान झालीत, फायनल" असं तुम्ही 2 जूनला कळवलंत.
> या टप्प्याचे 240 डॉलर एस्क्रोमध्ये जमा आहेत. हे सबमिशन उघडून मंजूर केलंत की ते मोकळे होतील.
> शीर्षकाच्या आकाराबद्दल वेगळा मेसेज करते.

चित्रवही
किती सरळ झालं हे. वाचताना माझीच मान ताठ झाली. पानं 16 नाहीत, 20 आहेत, बदलते. फक्त शेवटच्या ओळीपाशी अडकलेय. शीर्षक मोठं करायला मला पंधरा मिनिटं लागतील. करूनच पाठवू का?

बिनधास्त_नाशिक
करून टाका की. पंधरा मिनिटांसाठी कशाला वेगळा मेसेज? त्यांनाही बरं वाटेल, पैसे लवकर सोडतील.

शाईपेन
मी उलट सांगेन. मी पुस्तकांची मांडणी करतो, असे 'जरा' फार बघितलेत. त्यांनी स्वतःच "नाहीतर असू दे" म्हटलंय, म्हणजे मंजुरी त्या बदलावर अवलंबून नाही. आता नवीन मुखपृष्ठ पाठवलंत, तर 2 जूनला मंजूर झालेल्या फाइली वेगळ्या आणि सादर केलेल्या वेगळ्या होतात. मग "याच फाइली" हे वाक्य खरं राहत नाही, आणि तेच तर तुमच्या मजकुराचं बळ आहे. शिवाय शीर्षक मोठं केलं, की खालचं चित्र दाबलं जातं, मग "चित्र जरा खाली घ्या". आधी मंजूर झालेलं सादर करा. पैसे सुटल्यावर शीर्षक भेट म्हणून करून द्या.

रेघोटी
शाईपेनचं मला पटतं, पण पूर्ण नाही. त्यांनी विचारलंय आणि नऊ दिवस तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत. कदाचित त्या त्याचीच वाट बघत असतील, आणि गप्प असण्याचं कारण तेच असेल. निदान सादर करायच्या आधी एका ओळीत उत्तर द्या.

पैलतीर
बाहेरून पैसे घेण्याबद्दलचं मला खरंच माहीत नव्हतं. सांगितलंत ते बरं केलंत, मी एका क्लायंटशी तसंच बोलणार होतो. पण आज सादर केलं तर पैसे हातात कधी?

रेघोटी
ताईंनी लगेच मंजूर केलं तर तिथून 5 दिवस पैसे सुरक्षेसाठी रोखलेले असतात, मग काढता येतात. त्यांनी काहीच केलं नाही तर 11 जूनपासून 14 दिवस म्हणजे 25 जून, त्यापुढे ते 5 दिवस, म्हणजे 30 जून. बँकेत यायला त्यावर आणखी. फी त्याआधी भरायची असेल तर या पैशांवर विसंबू नका, शाळेशी बोलून ठेवा.

चित्रवही
संध्याकाळी ताईंना आधी एक ओळ टाकली: "शीर्षक मोठं केलं तर खालच्या मांजरीचे कान झाकले जातील असं वाटतंय, म्हणून तसंच ठेवलंय." मग तुमचा मजकूर पानांचा आकडा बदलून आणि शेवटची ओळ काढून टाकला, दोन्ही पीडीएफ जोडल्या आणि सादर केलं. रात्री त्यांचं उत्तर आलं: "अगं हो, कान दिसायलाच हवेत! बघते उद्या."

मंजूर अजून केलेलं नाही. उद्या रात्रीपर्यंत काही झालं नाही तर पुन्हा विचारू, की आता 25 पर्यंत गप्प बसू?

शाईपेन
गप्प बसा. त्यांनी उद्या म्हटलंय आणि घड्याळ चालू आहे.

कोकणमेवा
मी तर चार दिवसांनी एकदा विचारेन. माझे दीड महिना गेले होते.