राईस मिलची काळी राख सिमेंट ब्लॉकमध्ये चालेल का?

नवापूरकर: इथल्या एका राईस मिलच्या बॉयलरमधली तुसाची काळी राख फुकट मिळते. ब्लॉकमधलं दहा टक्के सिमेंट कमी करून तिथे ही राख घातली तर चालेल का?

धुळ्याचा मिस्त्री: काळी अजिबात नको भाऊ. पांढरी मिळाली तर बिनधास्त घाला.

मटेरियल टेस्टिंग, जळगाव: दादा, काळ्या राखेबद्दल तुम्ही बरोबर बोललात. काळेपणा म्हणजे न जळलेला कोळसा. तो पाणी ओढतो, मग माल मिसळताना पाणी वाढवावं लागतं आणि ब्लॉक कच्चा राहतो. पण पांढरी दिसली म्हणून बिनधास्त घालू नका. तूस साधारण 700 अंशांच्या आत जळला तर राखेतली सिलिका सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी जुळते. त्याहून फार तापला तर तिचे स्फटिक होतात. राख पांढरीशुभ्र दिसते, पण काम नुसत्या वाळूचं करते, आणि ती धूळ फुप्फुसांना वाईट.

नवापूरकर, आधी कोळसा किती आहे ते बघा. वाळवलेली 100 ग्रॅम राख लॅबच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत जाळायची. 85 ग्रॅम उरली तर 15 टक्के कोळसा होता, ती ब्लॉकला नको. राख चांगली निघाली तरी बॉल मिलमध्ये सिमेंटइतकी बारीक दळायला हवी. मग राखेचे आणि बिनराखेचे ब्लॉक एकाच दिवशी पाडा, दोन्हींना सारखं पाणी मारा आणि 28 दिवसांनी फोडून बघा. सातव्या दिवशी राखेचा ब्लॉक मागे दिसेल, त्यावरून ठरवू नका.

शहादा गुऱ्हाळ: आमच्या चुलवाणात उसाची चिपाडं जळतात. ती राख चालेल का?

मटेरियल टेस्टिंग, जळगाव: ताई, उसाबरोबर माती-वाळू येते, ती राखेत उतरते. तुसाचे आकडे तिला लावू नका, वेगळी तपासा.

बॉयलरवाला: मी या भानगडीच्या विरोधात आहे. एक टन भातातून साधारण 200 किलो तूस, आणि तो जाळून 40 किलो राख. एवढ्यासाठी दळण आणि लॅबचा खर्च? आम्हाला वाफ हवी, राख नाही. लोड वाढला की भट्टी जास्त तापते, म्हणजे सकाळची राख वेगळी, संध्याकाळची वेगळी. तुमची एक चाचणी कुठल्या राखेची धरायची? त्यापेक्षा दीपनगरची फ्लाय ॲश घ्या.

नवापूरकर: दीपनगर भुसावळला, मी पार गुजरातच्या हद्दीवर. गाडीभाड्यातच सिमेंटचे पैसे जातील.

मटेरियल टेस्टिंग, जळगाव: बॉयलरवाल्यांचा मुद्दा खरा आहे. दर गाडीचा कोळसा तपासता येईल, पण स्फटिक किती हे त्यातून कळत नाही. दर गाडीचे ब्लॉक फोडून बघायला महिना जातो. तोवर भिंतीला वापरू नका, अंगणातल्या फरशीला वापरून बघा.

धुळ्याचा मिस्त्री: अंगणात ट्रॅक्टर उभा राहतो भाऊ, तिथेही नको.