मदत हवी आहे: पत्रिकेतले काका आणि मामा इंग्रजीत दोघेही अंकल होतायत

नमस्कार मंडळी. माझ्या पुतणीचं लग्न साताऱ्यात आहे, मुलगा लीड्सचा, त्याच्याकडची 14 माणसं येणार आहेत आणि त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर पाठवायचा मजकूर इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे आलंय. माझा मोठा भाऊ 6 वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून पोरगी आणि वहिनी आमच्याकडेच आहेत. मराठी पत्रिकेत असं आहे,

"आमचे येथे श्रीकृपेकरून आमची पुतणी, कै. (भावाचं नाव) व श्रीमती (वहिनीचं नाव) यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. ... हिचा शुभविवाह योजिला आहे."

खाली निमंत्रक म्हणून मी आणि माझी बायको, मग आत्या, मामा, मावशी. मी पुतणीचं 'नीस' केलं तर भाची आणि पुतणी एकच झाली, आणि कन्यादान आम्ही करणार पण मुलीला बोहल्यावर आणणार तिचा मामा, आता दोघेही 'अंकल' लिहिले तर त्या लोकांनी कुणाकडे बघायचं? आणि चि. सौ. कां. चं काय करू?

सांजवेळ: सोपं आहे दादा, काका पॅटर्नल अंकल आणि मामा मॅटर्नल अंकल. सौ. कां. म्हणजे मिस. झालं.

तळेगावकर_काकू: पॅटर्नल-मॅटर्नल चूक नाही पण ते कोर्टाच्या कागदासारखं वाटतं, आणि पॅटर्नल अंकल लिहिलं तरी काका की आत्याचे यजमान हे कळत नाहीच. मी दोन पोरींच्या पत्रिका इंग्रजीत केल्यात, एकीचं सासर आयर्लंडचं. शब्दाला शब्द शोधायचा नाही, काका, मामा, आत्या तसेच इंग्रजी अक्षरांत ठेवायचे आणि पुढे एका ओळीत तो माणूस कोण आणि लग्नात काय करणार ते सांगायचं. मामासाठी, "हर मामा, हर मदर्स ब्रदर, विल ब्रिंग हर टू द वेडिंग प्लॅटफॉर्म." काकांसाठी, "हर काका, हर फादर्स यंगर ब्रदर, अँड हिज वाइफ विल गिव्ह हर इन मॅरेज." पाहुणे मग मंडपात ओळखतात, आमच्याकडे एक आजोबा स्वतःहून मामाला हात मिळवायला गेले.
चि. आणि सौ. कां. मात्र सरळ गाळा. चि. हा आशीर्वाद आहे, सौ. कां. म्हणजे सौभाग्याची इच्छा करणारी, मिसमध्ये यातलं काही येत नाही आणि नुसतं नाव लिहिलं तर त्यांना काही खटकतही नाही.

विदर्भाचा_पोऱ्या: आमच्या आजीच्या जुन्या पत्रिकेत "शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे" असं होतं, माझ्या भावाने ते शब्दशः इंग्रजी करून अमेरिकेतल्या मित्रांना पाठवलं, दोन दिवस फोन बंद ठेवला बिचाऱ्याने. जुन्या भाषेत त्याचा अर्थ लग्नाने जुळलेलं नातं इतकाच. तुमच्यात नाही ते बरं.

मीरज_टू_मस्कत: व्हिसासाठी निमंत्रणपत्र हवं असेल तर त्याचा वेगळा नमुना लागतो, मी पाठवू का?

धागाकर्ता: नाही हो, व्हिसाचं झालंय, हा घरचा मजकूर आहे. काकू, तुमचं पटलं. पण एक अडचण, वहिनीचं नाव. मराठीत श्रीमती म्हटलं की वाचणाऱ्याला कळतं. इंग्रजीत "मी आणि माझी बायको बोलावतोय" असं सुरू केलं तर त्यांना वाटेल आई नाहीच.

तळेगावकर_काकू: म्हणूनच मराठीचा क्रम सोडा. सुरुवात आईच्या नावाने करा, "(आईचं नाव), टुगेदर विथ (तुम्ही दोघं), इन्व्हाइट्स यू टू द वेडिंग ऑफ हर डॉटर", आणि डॉटर ऑफ द लेट अमुक ही ओळ मुलीच्या नावाखाली. मग पुतणी हा शब्द लागतच नाही, तुमचं नातं मघाच्या काकाच्या ओळीत आलंय.

सांजवेळ: पण आमच्याकडे ज्या जोडप्याच्या हातून कन्यादान, त्यांचंच नाव आधी. वडीलधारे ऐकतील?

तळेगावकर_काकू: मराठी पत्रिका तशीच राहू दे, मी फक्त इंग्रजी मजकुराचं बोलतेय.

विदर्भाचा_पोऱ्या: आणि व्याही? मुलाच्या आईवडिलांना काय म्हणणार? स्पॅनिशमध्ये त्यासाठी शब्द आहे, इंग्रजीत नाही.

धागाकर्ता: त्यांना नावानेच लिहीन, आणि आल्यावर वहिनी विहीणबाई म्हणेलच. आईचं नाव आधी घेण्याचं आज रात्री घरी विचारतो, वहिनी स्वतःच नको म्हणेल अशी भीती आहे. अजून एक, करवली माझी मुलगी आहे, तिला कझिन लिहावं की सिस्टर? दोघी एका ताटात जेवून वाढल्यात, मला कझिन लिहवत नाहीये.